फोटोवरून हेल्मेट अस्सल की नकली, कसं ओळखायचं? (भाचीसाठी, सांगली-मिरज)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, भाचीला मिरजेत नोकरी लागली आहे. विश्रामबागेतून रोज स्कूटरने जाणार. परवा येताना तिने रस्त्याकडेच्या ताडपत्रीवरून फुल फेस हेल्मेट आणलं, साडेचारशे रुपयांना. "मामा, आयएसआय आहे, डॉटपण आहे," म्हणून मलाच दाखवत होती.

चार फोटो टाकलेत. पहिला मागच्या बाजूचा, त्यात तीन स्टिकर दिसतात: आयएसआय, डॉट आणि गोलात 'ई' लिहिलेला चंदेरी. दुसरा आतला, तिसरा पट्ट्याचा. चौथ्यात भाची हेल्मेट घालून उभी आहे, तिच्या परवानगीने, काच खाली.

दुकानदाराला विचारलं तर तो चांगलंच म्हणणार. तुम्ही फोटो बघून काय सांगता?

---

हळद_मार्केट

तीन-तीन स्टिकर? एवढे तर आमच्या वडापच्या काचेवरपण नसतात.

---

बुलेटवाला_सातारी

दादा, आयएसआयचं काही खरं नाही, तो कोणीपण चिकटवतो. डॉट बघायचं. डॉट म्हणजे अमेरिकेचं, तिकडं नियम कडक. डॉट असेल तर डोळे झाकून घ्या. आणि हातात घेऊन वजन बघा, जड असेल तर मजबूत. माझं पावणेदोन किलोचं आहे, कास पठारापर्यंत रोज गेलो तरी काही वाटत नाही.

---

विटेकर_आप्पा

माझ्याकडं कारखान्यातनं मिळालेलं पिवळं हेल्मेट हाय. त्याच्यावर आयएसआय छापलेलंच हाय, स्टिकर न्हाई. मी तेच घालून विट्याला जातोय दोन वर्षं. पोलिसानं एकदा बघितलं, हसला आणि सोडलं. चालतंय का न्हाई?

---

साचेवाली

कुपवाड एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या क्वालिटीत बारा वर्षं काढलीत. हेल्मेट आम्ही केली नाहीत, पण एबीएसचे भाग रोज हाताखालून जायचे. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी आप्पा. तुमच्या टोपीवरचा आयएसआय खरा असेलही. पण चिन्हाच्या वर बारीक आकडा असतो तो वाचा. तिथे आयएस २९२५ असणार. तो कारखान्यात, साइटवर वरून काही पडलं तर डोकं वाचवणाऱ्या टोपीचा क्रमांक. दुचाकीच्या हेल्मेटचा आयएस ४१५१. तुमच्या टोपीत आत फितींची जाळी आहे, आणि ती वरून पडणाऱ्या पान्यासाठी केलेली. तुम्ही गाडीवरून आडवे पडलात तर कानशील आणि मागचं डोकं उघडंच.

आता धागाकर्त्यांचा फोटो एक. आयएसआयच्या चौकटीवर आयएस ४१५१ आहे, ते बरोबर. चौकटीखाली सीएम/एल आणि पुढे लायसन्सचा नंबर आहे, पण तुमच्या बोटाची सावली पडलीय. तो नंबर नीट वाचून घ्या. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, त्यात `Verify Licence Details` मध्ये तो नंबर टाका. इथे लिहू नका, आपल्याला कोणाची बदनामी करायची नाही. फक्त तीन गोष्टी सांगा: माल कोणता दाखवतं, लायसन्स चालू आहे का, आणि कंपनीचं व ब्रँडचं नाव हेल्मेटच्या कपाळावर जे लिहिलंय तेच आहे का.

फोटो दोन-तीनवर रात्री लिहिते, भाकऱ्या व्हायच्यात.

---

स्नेहल_कराड

ॲपवरून आठवलं. गेल्या वर्षी मी असाच एका हेल्मेटचा नंबर टाकला होता. नंबर उघडला, लायसन्स चालू, सगळं हिरवंगार. माल: पाण्याचा पीव्हीसी पाईप! नवऱ्याला म्हटलं, डोक्यावर नको, द्राक्षबागेत घाल.

---

हळद_मार्केट

@स्नेहल_कराड, दोन इंची की अडीच?

---

बुलेटवाला_सातारी

म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं ना? आयएसआय कोणीपण छापतो. म्हणून डॉट.

---

पेन्शनर_वाई

सातारी, तुमचं अर्धं खरं आहे. आयएसआयची नक्कल होते. पण डॉटची त्याहून सोपी आहे. अमेरिकेत डॉटसाठी आधी कुणाकडे जाऊन मंजुरी आणायची नसते. बनवणारा स्वतःच जाहीर करतो की माझं हेल्मेट मानकात बसतं, सरकार नंतर बाजारातून काही उचलून तपासतं. इथे ताडपत्रीवर विकणाऱ्याला कोण अमेरिकेहून तपासायला येणार आहे?

शिवाय २०१३ पासून तिथल्या लेबलवर नुसतं डॉट लिहून भागत नाही. बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, मध्ये DOT, त्याखाली FMVSS No. 218 आणि CERTIFIED हा शब्द, असं सगळं हवं. धागाकर्त्यांच्या फोटोत तीन अक्षरं आहेत आणि संपलं. अशी तीन अक्षरं ऑनलाइन पाकिटात मिळतात, नातवाने सायकलला लावलीत.

---

बुलेटवाला_सातारी

काका, माझ्या हेल्मेटवर नुसतं डॉटच आहे 😐

तपासतो.

---

खंबाटकी_रिटर्न

'ई'बद्दल मी सांगतो. माझ्याकडे भावाने जर्मनीहून आणलेलं आहे. युरोपचं खरं लेबल मागे चिकटवलेलं नसतं, हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेली पांढरी कापडी पट्टी असते. गोलात ई आणि लगेच आकडा, तो मंजुरी देणाऱ्या देशाचा. १ जर्मनी, ३ इटली, ९ स्पेन. खाली लांब नंबर, त्याची सुरुवात ०५ किंवा ०६ ने. ते मानकाची कितवी सुधारणा ते सांगतं, ०६ नवी. मग तिरकी रेघ आणि पी किंवा जे. पी म्हणजे हनुवटीचा भाग धरून तपासलेलं, जे म्हणजे हनुवटीचं संरक्षण धरलेलंच नाही.

हे शेवटचं अक्षर वर उघडणाऱ्या हेल्मेटमध्ये फार कामाचं. बंद केल्यावर फुल फेस दिसतं, पण लेबलवर नुसतं जे असेल तर पुढचा दांडा वाऱ्यापुरता समजायचा.

तुमच्या फोटोतल्या ई ला देशाचा आकडाच नाही. ती ई नुसती शोभेची.

---

विटेकर_आप्पा

ताई, बघितलं. २९२५ च हाय. 🙏 पण मग आयएसआय खरं हाय ना, मग पोलीस काय म्हणणार?

---

साचेवाली

आप्पा, पोलीस काय म्हणेल यापेक्षा डांबर काय म्हणेल ते बघा.

आता फोटो दोन आणि तीन. मोठे करून बघितले.

कवच काळं आहे, मॅट रंग. पट्ट्याचा रिव्हेट जिथे कवचातून बाहेर येतो तिथे रिव्हेटच्या भोवती पांढरट कडं दिसतंय. धूळ वाटेल, पण उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना सारखंच आहे. एबीएस ताणलं गेलं की पांढरं पडतं. पट्टी दुमडून बघा, तसंच होतं. म्हणजे रिव्हेट ठोकतानाच तिथलं प्लॅस्टिक ताणलं गेलंय. एकतर भिंत पातळ आहे, नाहीतर माल वारंवार दळून वापरलेला. पडल्यावर सगळा ओढा याच दोन भोकांवर येतो.

दुसरं, हनुवटीच्या दांड्याच्या बरोबर मध्ये एक उभी केसासारखी रेघ आहे. ही रेघ असणं हा दोष नव्हे. साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक डोळ्यांच्या खिडकीला वळसा घालून दोन्हीकडून येतं आणि तिथे भेटतं, तो सांधा चांगल्या कवचातही असतो. पण तो रंगाखाली दिसायला नको आणि नखाला लागायला नको. नखाला खाच लागली तर दोन्ही प्रवाह थंड होऊन भेटलेत, नीट एकजीव झालेले नाहीत. धागाकर्ते, नख फिरवून सांगा.

तिसरं, खालच्या काठाला रबराची पट्टी आहे पण डाव्या बाजूला उचकटलीय आणि आत कापलेली खडबडीत कड दिसते.

आतला फोटो मात्र मला काहीच सांगत नाही. काळा स्पंज दिसतो, आणि स्पंज सगळ्यांचाच गुबगुबीत असतो. जीव वाचवणारा थर त्याच्या मागे आहे, कडक दाट थर्माकोलचा. तो कपाळापासून मागपर्यंत आणि दोन्ही कानशिलांवर सलग हवा. स्पंज कडेने उचलून आत टॉर्च मारा आणि फोटो काढा.

---

कृष्णाकाठ

ताई, काकांनो, खूप आभार. तपासून आलो. लिहितो तसंच.

नंबर उघडला. माल: दुचाकीस्वारांचं हेल्मेट, आयएस ४१५१. लायसन्स चालू. हे बघून भाची म्हणाली, "बघ, उगाच धागा काढलास." पण कंपनीचं नाव वेगळंच, उत्तरेकडची कोणतीतरी. आणि खाली ब्रँडची नावं आहेत त्यात आमच्या हेल्मेटवरचं नाव नाही.

नख लागतंय, स्पष्ट.

स्पंज उचलला. वर टाळूपाशी थर्माकोलची एक वाटी आहे, पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढी. कानशिलाकडे हात घातला तर थेट कवच. फोटो पाच बघा, त्यात माझं बोट कवचाला टेकलंय.

---

स्नेहल_कराड

फोटो पाच बघून पोटात गोळा आला.

---

बंड्या_माधवनगर

एक शंका. कंपन्या दुसऱ्यांसाठी पण माल बनवून देतात ना? आमच्या ओळखीचा एक जण स्वतःच्या नावाने हेल्मेट विकतो, बनवून घेतो दुसरीकडून. मग नाव वेगळं असणारच. त्यावरून नकली कसं म्हणता?

---

साचेवाली

बरोबर शंका आहे. बनवून देतात. पण मग बनवणाऱ्याच्या लायसन्सवर तो ब्रँड चढवलेला असायला हवा. नसेल तर निदान त्या कंपनीला फोन करून विचारता येतं, ॲपवर पत्ता असतो. नुसत्या नावाच्या फरकावरून मी निकाल दिला नसता. इथे निकाल थर्माकोलने दिला. कानशिलावर काहीच नसलेलं हेल्मेट चाचणीतून जाणार नाही, मग स्टिकर कोणाचाही असो.

उलट बाजूही सांगते. हे सगळं जुळलं असतं तरी मी फोटोवरून "अस्सल" म्हटलं नसतं. थर्माकोल दाट आहे की वरण-भाताच्या थाळीसारखं ठिसूळ, हे फोटोत कळत नाही. नंबरही हुबेहूब उचलता येतो. म्हणून पावती देणाऱ्या दुकानातून घ्यायचं.

---

लिंबाचं_लोणचं

सगळं ठीक, पण साडेचारशेत कोण किती तपासणार? ज्याला परवडत नाही त्याने डोकं घरी ठेवून जायचं का? १ जून २०२१ पासून म्हणे आयएसआयशिवाय हेल्मेट बनवायला-विकायलाच बंदी आहे. मग ताडपत्री रोज लागते कशी? त्याच्यावर बोला.

---

पेन्शनर_वाई

बंदी आहे, खरंय. आदेश २०२० च्या नोव्हेंबरात निघाला आणि तुम्ही म्हणता त्या जूनच्या तारखेपासून लागू झाला. पण ताडपत्रीवाल्याकडेही आयएसआय "आहे"च की. बाजूने जाणाऱ्याला तेवढंच दिसतं.

परवडण्याबद्दल: मी गेल्या दिवाळीत सुनेसाठी ओपन फेस साडेआठशेला घेतलं, पावतीसकट. चारशेचा फरक आहे, तो काहींना मोठाच आहे, मान्य.

---

बंड्या_माधवनगर

आणि नवीन गाडी घेताना हेल्मेट द्यायलाच हवं असा नियम आहे ना? मला शोरूमवाल्याने दिलं नाही, वर म्हणाला "ॲक्सेसरीमध्ये घ्या". अकराशे लावले. कुठलं शोरूम ते सांगत नाही, गाव लहान आहे.

---

हळद_मार्केट

गाव लहान, बिल मोठं.

---

खंबाटकी_रिटर्न

नियम आहे, मोटार वाहन नियमात. गाडी विकतानाच मानकाचं हेल्मेट द्यायचं. पण विषयांतर नको.

मी आयडी का घेतला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात वाळूवरून घसरलो. बाहेरून हेल्मेटला पाच रुपयाच्या नाण्याएवढा ओरखडा. मी पुढे दोन महिने तेच वापरलं. एकदा धुवायला अस्तर काढलं तर मागच्या बाजूला थर्माकोल आडवं तडकलेलं आणि बोट बुडेल एवढं दबलेलं. थर्माकोल एकदाच दबतं, परत फुगत नाही. ते हेल्मेट फोटोत एकदम झकास दिसायचं, स्टिकर अस्सल, नंबर अस्सल. मी विकायला टाकलं असतं तर कोणीतरी घेतलंही असतं.

म्हणून जुन्या हेल्मेटच्या जाहिरातीतला फोटो मी बघतच नाही.

---

साचेवाली

@खंबाटकी_रिटर्न, तुमची पोस्ट महत्त्वाची. त्यात एक भर: जुनं हेल्मेट चकाचक दिसावं म्हणून लोक पेट्रोल किंवा थिनरने पुसतात, स्टिकरचा डिंक काढायला तर हमखास. पॉलिकार्बोनेटला ते अजिबात चालत नाही. आत केसासारख्या चिरा पडतात, नंतर पडलं की काचेसारखं फुटतं. तेव्हा फोटोत जास्तच चमकत असेल तर मला शंका येते. साबणाच्या पाण्याने धुवा, बस.

आणि चौथ्या फोटोबद्दल कोणी बोललंच नाही!

भाचीच्या गालाला आतलं अस्तर टेकलेलं नाही, काचेतून दोन्हीकडे फट दिसते. पट्टा हनुवटीखाली लोंबतोय. कपाळावर हेल्मेट मागे सरकलंय, मागे अंबाडा आहे ना? आतल्या स्टिकरवर माप काय लिहिलंय?

---

कृष्णाकाठ

६०० एमएम. अंबाडा आहे, हो. भाची म्हणते सैल आहे तेच बरं, केस बसतात.

---

साचेवाली

टेलरची टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. येईल तो सेंटिमीटरचा आकडा दहाने गुणा.

मग एक करून बघा. पट्टा घट्ट लावायचा आणि दुसऱ्याने मागून, मानेच्या जागी हात घालून हेल्मेट वर आणि पुढे ढकलायचं. निघून हातात आलं तर ते रस्त्यावरही निघणार.

---

कृष्णाकाठ

५५.५ आलं. म्हणजे ५६० च्या आसपासचं हवं होतं आणि डोक्यावर ६०० बसलंय. ढकलून बघितलं. पट्टा लावलेला असताना पहिल्या झटक्यात निघालं आणि माझ्या पायावर पडलं. भाची गप्प झाली.

मग तसेच दोघं ताडपत्रीवाल्याकडे गेलो. बिचारा भांडला नाही. म्हणाला, "स्टिकरचा प्रॉब्लेम आहे का साहेब? दुसरा लावून देतो." पेटीतून गुंडाळी काढली. आयएसआयची अख्खी रीळ होती, सगळ्यांवर एकच नंबर, आमचाच. पैसे परत नाही म्हणाला, बदल्यात दोन टोप्या देत होता.

---

स्नेहल_कराड

रीळ!! 😳

---

हळद_मार्केट

दोन टोप्या घ्यायच्या, एक आप्पांना पाठवायची.

---

लिंबाचं_लोणचं

फोटो काढलात का रीळचा? बीआयएस केअरमध्ये तक्रारही करता येते.

---

कृष्णाकाठ

काढला नाही. खरं सांगायचं तर हिंमत झाली नाही, त्याचं पोरगं शेजारी अभ्यास करत बसलं होतं. चुकलं असेल माझं.

---

लिंबाचं_लोणचं

मी तुम्हाला दोष देत नाही. पण ती रीळ त्याने छापलेली नाही, छापणारा दुसरीकडे बसलाय. त्याच्यापर्यंत पोचायला फोटो लागला असता.

---

बुलेटवाला_सातारी

माझं तपासलं. काकांचं खरं. आयएसआय कुठेच नाही, डॉट म्हणजे तीन अक्षरं, थर्माकोल मात्र सगळीकडे आहे, जाड आहे. वजन कशाने येतंय ते कळेना. आता हे वापरावं का?

---

पेन्शनर_वाई

जड म्हणजे मजबूत हा हिशोब सोडा. आघात कवच आणि थर्माकोल मिळून खातात, वजन मानेवर येतं. आयएसआय नाही म्हणजे इथल्या कायद्याने चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मानकाचंच हेल्मेट मागतं.

---

खंबाटकी_रिटर्न

मग माझ्या जर्मनीच्याचं काय, काका? चाचणी त्याची जास्त कडक, पण आयएसआय नाही.

---

पेन्शनर_वाई

कागदावर तुम्हीही अडकता असं मी समजतो. डोकं म्हणून विचाराल तर ते सोडू नका म्हणेन.

---

खंबाटकी_रिटर्न

म्हणजे अस्सल हेल्मेट घालून मी दोषी आणि रीळवालं घालून भाची निर्दोष. कुणी वकील आहे का धाग्यावर?

---

कृष्णाकाठ

आज शंभर फुटी रोडवरच्या दुकानातून घेतलं. ५६०, फुल फेस, अकराशे पन्नास, पावती आहे. नंबर दुकानातच टाकला. नाव जुळलं, ब्रँड जुळला. आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष पण आहे, ताडपत्रीवाल्यावर ते नव्हतंच, आत्ता लक्षात आलं. स्पंज उचलून टॉर्च मारला तर दुकानदार म्हणाला, "साहेब, पहिले तुम्हीच." ढकलून बघितलं, निघालं नाही. भाची आता सैल वेणी घालते, अंबाडा ऑफिसात गेल्यावर.

जुनं कुऱ्हाडीने फोडलं, कोणी उचलून वापरू नये म्हणून. दांडा बरोबर त्या रेघेवर दुभंगला.

---

साचेवाली

त्या तुकड्याचा जवळून फोटो टाका ना, तुटलेल्या बाजूचा. आत कणी दिसते का बघायची आहे.

---

विटेकर_आप्पा

ताई माझं डोकं ६१ भरलं. ६२० चं मिळतंय का कुठं? पिवळ्या रंगात असलं तर बरं, सवय झालीय.